लातूर ते चकाला: दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी खोली कशी ठरली

लातूरच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात इंटर्नशिपचं काम मी पाहतो. दरवर्षी मे महिन्यात पालकांचे फोन येतात आणि त्यातला पहिला प्रश्न बहुतेक वेळा खोलीभाड्याचा असतो. 2025च्या उन्हाळ्यातलं एक प्रकरण मी टिपून ठेवलं होतं, त्यात भाड्याच्या आकड्यापेक्षा दुसऱ्याच दोन गोष्टी निर्णायक ठरल्या. पुढच्या बॅचला उपयोग होईल म्हणून ते सविस्तर लिहितो आहे. विद्यार्थिनीच्या आणि घरच्यांच्या परवानगीने लिहितोय, नाव मात्र देत नाही.

तिसऱ्या वर्षाची मुलगी. मुंबईला आधी एकदाच, तीही लग्नाला गेलेली. इंटर्नशिप 2 जून ते 31 जुलै, विद्यावेतन महिन्याला 12,000 रुपये. ऑफिस अंधेरी पूर्वेला, मेट्रोच्या चकाला स्थानकापासून सात-आठ मिनिटं चालत. वेळ दहा ते साडेसहा, पण कधीकधी आठ वाजतील असं कंपनीने आधीच सांगितलेलं. आणि पावसाळा. त्या वर्षी तर मान्सून 26 मेलाच मुंबईत येऊन बसला होता.

घरच्यांचं म्हणणं सरळ होतं. डोंबिवलीला मावशी आहे, घर मोठं आहे, भाडं नाही, जेवण घरचं. दोन महिन्यांसाठी परक्या ठिकाणी खोली कशाला? मावशीही मनापासून म्हणत होती, "अगं, माझ्याकडे असताना पीजी कसली शोधतेस?" वडिलांचा दुसरा पर्याय घणसोलीचा होता. गावातल्या एका कुटुंबाची मुलगी तिथे फ्लॅट शेअर करून राहत होती आणि एक कॉट 5,500 रुपयांत रिकामी होती. मुलीला स्वतःला ऑफिसजवळची पीजी हवी होती, पण ऑनलाइन जाहिरातींत दिसणारे दहा-बारा हजारांचे आकडे पाहून ती घरी बोलतच नव्हती.

मी त्यांना एवढंच सुचवलं की लातूरात बसून काहीच ठरवू नका आणि कुठेही पैसे भरू नका. पहिला आठवडा मावशीकडे राहायचं, तिथून ऑफिसला जाऊन बघायचं आणि संध्याकाळी खोल्या बघायच्या. मुंबईत नातेवाईक असण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की खोली न बघता ठरवायची सक्ती राहत नाही. ज्यांचं कुणीच नाही त्यांनीही तीन-चार रात्रींपुरती राहायची सोय आधी करावी आणि मग खोली शोधावी. तो खर्च वाया जात नाही.

पैसे भरू नका म्हणायला कारण होतं. जाहिरातीवरून तिने एका नंबरवर चौकशी केली होती. पलीकडच्या माणसाने आपण लष्करात आहोत, बदली झाली आहे, फ्लॅट तसाच पडून आहे असं सांगितलं. फोटो सुंदर, भाडं आसपासच्या निम्मं. बघायला येते म्हटल्यावर उत्तर आलं की सोसायटीचा गेट पास काढावा लागतो, त्याचे 2,500 रुपये पाठवा, नंतर भाड्यातून वजा करू. ही फसवणुकीची जुनीच पद्धत आहे. गणवेश, बदली, परत मिळणारी छोटी रक्कम आणि क्यूआर कोड. खोली दाखवायला कुणीही पैसे घेत नाही. ब्रोकर असला तरी त्याची दलाली सौदा झाल्यावर द्यायची असते. पैसे गेलेच तर 1930 या सायबर हेल्पलाइनला त्याच तासात फोन केला तर खात्यातली रक्कम गोठवायची शक्यता राहते, दोन दिवसांनी केला तर फारशी नाही.

डोंबिवलीची परीक्षा

शनिवारी, 31 मेला ती डोंबिवलीला पोचली. मावसभाऊ म्हणाला, उद्या रविवारी तुला ऑफिस दाखवून आणतो. गेले, आरामात बसून गेले, "काही गर्दी नसते गं" असं ठरवून परत आले. रविवारची चाचणी मुंबईत धरायची नसते. गर्दीची दिशाच त्या दिवशी वेगळी असते, वर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असेल तर वेळापत्रकही वेगळं.

सोमवारी खरं काय ते कळलं. घरापासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा. मग पुलावरून उतरून महिला डब्याच्या जागी उभं राहायचं. ही जागा फलाटावर आणि डब्यावरच्या तिरक्या पट्ट्यांवरून ओळखू येते, पण गाडी बारा डब्यांची आहे की पंधरा, त्यावर ती सरकते, म्हणून इंडिकेटर बघावा लागतो. इंडिकेटरवरचं एफ म्हणजे जलद, एस म्हणजे धीमी. पहिली जलद तिने सोडली, दुसरीही सोडली. तिसरीत शिरली ती बायकांनीच आत ओढून घेतल्यामुळे. घाटकोपरला उतरायचं तर ठाणे गेल्यापासूनच दाराकडे सरकायला लागावं लागतं, "घाटकोपर? घाटकोपर?" विचारत. हे तिला माहीत नव्हतं, आणि ती कुर्ल्याला उतरून परत आली. घाटकोपरला पुन्हा पूल, मेट्रोच्या तपासणीची रांग आणि मग वर्सोव्याकडची मेट्रो. घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत जवळपास दोन तास.

सकाळपेक्षा संध्याकाळ अवघड निघाली. सकाळी डोंबिवलीहून सुटणारी एखादी धीमी लोकल पकडता येते, तिच्यात निदान उभं राहायला जागा मिळते. संध्याकाळी घाटकोपरला येणारी कल्याणकडची गाडी सीएसएमटी आणि दादरलाच भरून आलेली असते. तिथे चढणाऱ्याच्या वाट्याला दारच येतं. आठवडाभरात तिने दोनदा दारात उभं राहून प्रवास केला, एकदा पावसात.

मावशीचं घर सुरक्षित होतं, यात शंका नाही. पण घर सुरक्षित असणं आणि दिवस सुरक्षित असणं यात चार तासांचा फरक होता. पालकांना हे फोनवर पटत नव्हतं. त्यांनी मुलीला एक गोष्ट करायला सांगितली, ती मला आवडली. रोज घरातून निघाल्याची आणि घरी परतल्याची वेळ घरच्या ग्रुपवर टाकायची, बाकी काही लिहायचं नाही. पाच दिवसांत वडिलांनी स्वतःच विचारलं, पीजीला किती पडतील?

घणसोलीचा पर्याय इथेच गळाला. नकाशावर घणसोली डोंबिवलीपेक्षा जवळ दिसते. पण रेल्वेने यायचं तर ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्यापर्यंत, ठाण्याहून मुख्य मार्गाची लोकल घाटकोपरपर्यंत आणि पुढे मेट्रो. तीन गाड्या, दोन बदल. एक गाडी उशिरा आली की पुढचं सगळं चुकतं. अंतर किलोमीटरमध्ये मोजलं की असा घोळ होतो. मुंबईत ते गाडी किती वेळा बदलावी लागते यावर मोजायचं. दोन महिन्यांसाठी येणाऱ्याला तर एका मार्गावरची, एकही बदल नसलेली खोलीच शोधायला मी सांगतो, कारण तिथली लोकं दहा वर्षांत शिकतात ती कसरत शिकायला त्याच्याकडे वेळच नसतो.

मेट्रोच्या रेषेवर खोली

मग शोधाचा पट्टा आपोआप ठरला. वर्सोवा ते घाटकोपर ही मेट्रोची पहिली मार्गिका 11.4 किलोमीटरची, बारा स्थानकांची. त्यातली चकाल्याच्या आसपासची तीन-चार स्थानकं. ही मार्गिका जमिनीवर नाही, खांबांवरून जाते, त्यामुळे रुळांवर पाणी साचून लोकल थांबते त्या दिवशीही तिचा आधार राहतो. पावसाळी इंटर्नशिपला हा मोठा मुद्दा आहे.

सर्वात आधी तिने एका नोकरदार महिलांच्या वसतिगृहात विचारलं. जागा चांगली, दर परवडणारा, पण प्रतीक्षा यादी होती आणि अर्जासोबत कंपनीचं पत्र, स्थानिक पालकाची सही वगैरे लागत होतं. अशा ठिकाणी मार्च-एप्रिलमध्येच अर्ज जायला हवा. जूनमध्ये विचारून उपयोग नाही.

नंतर तीन पीजी पाहिल्या. पहिली सगळ्यात स्वस्त, 7,500 रुपये. ती दुपारच्या सुट्टीत बघितली तेव्हा ठीक वाटली. त्याच संध्याकाळी साडेनऊला मावसभावाला घेऊन ती स्टेशनपासून खोलीपर्यंत पुन्हा चालली. मुख्य रस्ता पाच मिनिटं, पुढे गाळ्यांची लांब गल्ली. दिवसा गजबजलेली, कारण गाळे उघडे असतात. रात्री सगळी शटर खाली, दिवा एक, आणि गल्लीच्या तोंडाशी साचलेलं पाणी. खोली रद्द. हा शेवटचा टप्पा, स्थानकापासून दारापर्यंतचा, रात्रीच बघायचा असतो. वाटेत उघडं असलेलं मेडिकल, दुधाचं दुकान, रिक्षास्टँड, एखाद्या इमारतीचा जागा वॉचमन, हे मोजायचं. असं एकही नसेल तर खोलीत कितीही चांगला पंखा असो.

दुसरी पीजी एका सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये होती. गेटवर वॉचमनने विचारलं, कुणाकडे? पीजीचं नाव घेतल्यावर तो हसला आणि म्हणाला, तिथे राहणाऱ्यांनी विचारलं तर "मालकाची भाची" सांगायचं असं त्यांना शिकवलेलं आहे. म्हणजे सोसायटीला पीजी मान्य नव्हती. असं ठिकाण स्वस्त मिळतं, पण कमिटीने एक दिवस आक्षेप घेतला की चार दिवसांत बाहेर. इंटर्नशिपच्या मधल्या आठवड्यात हे नको. वॉचमनशी दोन मिनिटं बोलणं ही चौकशीची सगळ्यात सोपी पायरी आहे आणि बहुतेक मुलं ती गाळतात.

तिसरी मरोळ नाक्याजवळ. तिघींची खोली, महिन्याला 10,000 रुपये, वीज भाड्यात. स्थानकापासून अख्खा रस्ता रहदारीचा. चालवणाऱ्या काकू त्याच इमारतीत राहत. त्यांनी आधीच आधारची प्रत, कॉलेजचं ओळखपत्र आणि इंटर्नशिपचं पत्र मागितलं, पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची म्हणून. मुलीला ते जरा जाचक वाटलं. मला उलट वाटतं. जो मालक कागद मागतो तो सहसा स्वतःही कागदावर सापडायला तयार असतो. आधारची प्रत देताना तिने तिच्यावर आडवं लिहिलं, "फक्त भाडेकरू नोंदणीसाठी" आणि खाली तारीख.

खोलीत काय पाहिलं, तर आधी गादी. मोबाईलचा टॉर्च लावून शिवणीतून बघितलं. बारीक काळे ठिपके दिसले तर ढेकूण. मग खिडकीखालच्या भिंतीला हात लावून ओल. न्हाणीघराची कडी. कपाटाला कुलूप. पाणी किती वाजता येतं आणि टाकी आहे का. मुख्य दाराच्या किल्ल्या किती आणि आधी राहून गेलेल्यांनी परत केल्या का. शेवटचा प्रश्न काकूंना नवीन होता, त्यांनी हसून सांगितलं की दर वर्षी कुलूपच बदलते. शेवटी तिथल्या एका मुलीला, काकू नसताना, विचारलं: डिपॉझिट परत मिळतं का?

दोन महिन्यांचा हिशोब

ठरलेल्या अटी अशा होत्या. एक महिन्याचं भाडं डिपॉझिट, एक महिन्याची नोटीस, किमान मुक्काम तीन महिने. कायम राहणाऱ्याला यात वावगं काही नाही. दोन महिन्यांसाठी येणाऱ्याला मात्र याच अटी महाग पडतात. तीन महिन्यांचं बंधन पाळलं तर 10,000 रुपये फुकट. ते माफ झालं तरी 31 जुलैला सोडायचं म्हणजे नोटीस 30 जूनच्या आत, म्हणजे राहायला आल्यावर तीन आठवड्यांत द्यायची. मुलं विसरतात आणि डिपॉझिट तिथेच जातं.

वाटाघाटीला मावशी गेली, आणि बरं झालं. तिने भाडं कमी करा असं म्हटलंच नाही. तिने मागितल्या त्या तीन गोष्टी. किमान मुक्कामाची अट काढा. डिपॉझिट निम्मं, 5,000 करा. आणि जाण्याची तारीख आजच ठरलेली आहे, तर आजच नोटीस दिली असं धरा. जूनचे आठ दिवस उलटून गेले होते, तरी पूर्ण महिन्याचं भाडं द्यायला ती तयार झाली. काकूंना तेवढं पुरलं. भाड्याला हात न लावता अटी सोडवून घेणं सोपं जातं, कारण मालकाला पुढच्या भाडेकरूसमोर दर टिकवायचा असतो.

महाराष्ट्रात भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा असं भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सांगतं आणि त्याची जबाबदारी मालकावर टाकतं. फ्लॅट घेणाऱ्यांनी अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार जरूर करावा. पीजीतल्या एका कॉटसाठी तसा करार सहसा कुणी करत नाही, ही वस्तुस्थिती. मग निदान पावती हवी. हिने व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवल्या: कॉट कोणती, भाडं किती, डिपॉझिट 5,000 मिळालं, 31 जुलैला खोली सोडणार, डिपॉझिट त्याच दिवशी परत, रंगरंगोटीची कपात नाही. काकूंनी "ओके" लिहिलं. पैसे रोख न देता खात्यावर पाठवले. भांडण झालंच तर हातात एवढं असलं तरी बोलता येतं.

एकूण खर्च महिन्याला असा आला: भाडं 10,000, दोन वेळचा डबा 3,500, मेट्रो आणि किरकोळ हजार-बाराशे. विद्यावेतनापेक्षा अडीच हजार जास्त, ते घरून आले. डोंबिवलीला राहिली असती तर जवळपास सगळं विद्यावेतन शिल्लक पडलं असतं. ते वडिलांना शेवटपर्यंत खटकत होतं आणि ते चूक होते असं मी म्हणणार नाही. ज्या घरात तो अडीच हजारांचा फरक भरून निघणं शक्य नाही त्यांनी नातेवाइकांकडे राहावं, पण ऑफिसकडून अकरा ते साडेसात अशी वेळ मागून बघावी. एक तास पुढे-मागे झाला की लोकल निराळी असते. रेल्वेचा पास मात्र महिन्याचाच दोनदा काढावा. तिमाही पासला महिन्याच्या 2.7 पट पैसे पडतात, दोन महिन्यांसाठी तो तोट्याचा.

8 जूनच्या रविवारी ती खोलीत राहायला गेली. दुसऱ्याच दिवशी, 9 जूनला सकाळी, मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलच्या दारातून प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. तोच मार्ग, तीच वेळ. घरात त्यानंतर भाड्यावर चर्चा झाली नाही.

रोजचा नेम

मुलीने दोन महिने पाळलेला नेम फार मोठा नव्हता. सकाळी पाऊस नसेल तर अंधेरी-कुर्ला रस्त्याने चालत, नाहीतर मेट्रो. संध्याकाळी आठपर्यंत मेट्रोच. त्यानंतर ऑफिस सुटलं तर मेट्रो आणि मरोळ नाक्याहून मुख्य रस्त्याने चालत, पाऊस असेल तर मीटरची रिक्षा. फेब्रुवारी 2025 पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं 26 रुपये आहे, मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत सव्वापट. हे माहीत असलं की घासाघीस करावी लागत नाही. रिक्षात बसण्यापूर्वी नंबरचा फोटो खोलीतल्या मैत्रिणीला. लाइव्ह लोकेशन आईला नाही, त्या मैत्रिणीला. हा तिचा स्वतःचा निर्णय आणि मला पटलेला. लातूरात आई लोकेशन बघून फक्त घाबरू शकते. मरोळची मैत्रीण दहा मिनिटांत खाली येऊ शकते. आईला रात्री एक ठरलेला निरोप: "पोचले."

उशिरापर्यंत थांबण्याबद्दल तिने पहिल्याच आठवड्यात एचआरला विचारलं. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलेला काम द्यायचं तर तिची संमती आणि घरापर्यंतची वाहतूक लागते. इंटर्न त्यात मोडते की नाही यावर तिने वाद घातला नाही, नुसतं विचारलं की नऊच्या पुढे गेलं तर गाडी मिळेल का. मिळेल म्हणाले. ते तिने ई-मेलवर लिहून घेतलं.

जुलैत एका दुपारी पाऊस असा लागला की अंधेरी सबवे बंद झाला आणि मध्य रेल्वे रखडली. ऑफिसातले कल्याण-विरारचे लोक तीनलाच निघाले. हिला निघायची घाई नव्हती, आणि खरा मोह तिथेच होता: चालत पंचवीस मिनिटं तर आहे, जाऊ पाण्यातून. पावसात रस्त्यावर साचलेल्या पाण्याखाली मॅनहोल उघडं आहे की नाही ते दिसत नाही; 29 ऑगस्ट 2017 ला मुंबईत एक नामवंत डॉक्टर असेच गेले. ती मेट्रोने गेली. स्थानकाखाली घोटाभर पाण्यातून जावं लागलंच, आणि चपलेने पायाला लागलेलं होतं. काकूंनी दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात पाठवलं. साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची प्रतिबंधक गोळी अशा वेळी बहात्तर तासांच्या आत घ्यायची असते आणि ती डॉक्टरांना विचारूनच.

फोनमध्ये 112, रेल्वेसाठी 139 आणि रेल्वे पोलिसांचा 1512 साठवलेले होते. एकदाही लागले नाहीत. कागदावर मावशीचा आणि काकूंचा नंबर पर्सच्या आतल्या कप्प्यात, कारण फोन चोरीला गेला तर कुणाचाच नंबर पाठ नसतो.

31 जुलैला संध्याकाळी तिने खोली दाखवली, कपाटाची किल्ली दिली. एका किल्लीचे 150 रुपये कापून 4,850 रुपये तिच्या खात्यात आले. ती किल्ली हरवल्याचं तिनेच काकूंना आधी सांगितलं होतं. त्या कॉटवर आता आमच्याच कॉलेजची दुसरी मुलगी राहून आली आहे, तिला डिपॉझिट 5,000च लागलं.